गांधी मोकळे, विनोबा अजून नाहीत

कॉपीराइटबद्दल आपल्याकडच्या लिहित्या माणसांत दोन समजुती घट्ट रुतून बसल्या आहेत. पहिली अशी, की खाली मूळ लेखकाचे नाव दिले की काम झाले. दुसरी अशी, की चार-सहा ओळींपर्यंत घ्यायला हरकत नसते, त्यापुढे परवानगी लागते. दोन्ही सोयीच्या आहेत आणि दोन्ही उथळ आहेत. पहिलीत सौजन्यालाच परवानगी समजले जाते आणि दुसरीत कायद्याच्या जागी मोजपट्टी येते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ओळींची अशी मोजपट्टी कुठेही नाही, आणि नाव दिल्याने परवानगीची गरज संपते असेही कुठे म्हटलेले नाही.

माझे म्हणणे असे आहे. दुसऱ्याचा मजकूर घेताना लेखकाने तीन प्रश्न विचारावेत, आणि तेही याच क्रमाने. हे शब्द नेमके कोणाचे? त्यांच्या हक्काची मुदत संपली आहे का? आणि संपली नसेल तर मी ते कशासाठी घेतो आहे? पहिल्या दोन प्रश्नांना बहुधा निश्चित उत्तर असते, ते तारखा पाहून काढता येते. तिसऱ्याचे उत्तर विवेकाने द्यावे लागते. आपली गल्लत अशी होते की पहिले दोन प्रश्न आपण विचारतच नाही आणि तिसऱ्याच्या जागी ओळी मोजत बसतो.

हे तपासायला वर्धा जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. 1934 मध्ये गांधी वर्ध्याला आले आणि 1936 मध्ये शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहू लागले. धाम नदीच्या काठी पवनारला विनोबा होते. महादेवभाई देसाई, प्यारेलाल, काका कालेलकर, कुमारप्पा अशी लिहिणारी माणसे या परिसरात वावरली. त्यांचे लेखन एकाच काळातले, पुष्कळदा एकाच विषयावरचे. तरीही कायद्याच्या दृष्टीने त्यातले काही आज सर्वांचे आहे आणि काही नाही. समजा, कोणी त्या काळावर मराठीत पुस्तक लिहीत आहे. त्याच्या टेबलावर गांधींचा एक लेख, त्या लेखाचा मराठी अनुवाद, आत्मकथेची इंग्रजी प्रत, एक जुने पत्र, ‘गीताई’ आणि ‘गीता प्रवचने’ आहेत. या सामग्रीवरून तिन्ही प्रश्न तपासून पाहू.

1. संरक्षण शब्दरचनेला, कल्पनेला नाही

कायदा कल्पनेचे रक्षण करत नाही. ती ज्या शब्दांत आणि ज्या मांडणीत उतरली, त्यांचे करतो. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे आला. या विचारावर कोणीही लिहावे, त्याचे समर्थन करावे, तो खोडून काढावा, त्यावर शाळा चालवावी. कोणाची परवानगी लागत नाही. घटना, तारखा आणि आकडे यांवरही कोणाची मालकी नसते. गांधी अमुक दिवशी शेगावात आले ही माहिती आधी कोणी छापली म्हणून ती त्याची होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात हीच रेषा स्पष्ट केली. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाच्या लेखकाचा आरोप होता की ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला आहे. दोन्हींच्या मुळाशी प्रांतवादाचा विषय होता. न्यायालयाने म्हटले की विषय सारखा असल्याने नक्कल सिद्ध होत नाही. त्या विषयाची मांडणी उचलली आहे का, ते पाहावे लागते. लेखकाचा दावा टिकला नाही.

याचा उपयोग लेखकाला रोजच्या कामात होतो. पुष्कळदा अवतरणाची गरजच नसते. आपल्याला मुद्दा हवा असतो आणि आळसापोटी आपण परिच्छेद उचलतो. मुद्दा समजून घेऊन आपल्या शब्दांत, आपल्या क्रमाने मांडला की परवानगीचा प्रश्न उरत नाही. मुद्दा कुठून घेतला ते सांगण्याचे कर्तव्य तेवढे उरते. मात्र मूळ वाक्यातले चार शब्द बदलून बाकी रचना तशीच ठेवणे म्हणजे आपल्या शब्दांत लिहिणे नव्हे. तिथे मांडणी दुसऱ्याचीच राहते.

2. एका पानावर अनेकांचे हक्क

पहिला प्रश्न, शब्द कोणाचे, दिसतो तितका सोपा नाही. गीता ही कोणाची मालमत्ता नाही. पण विनोबांनी 1930-31 मध्ये रचलेली ‘गीताई’ हे मराठीत केलेले स्वतंत्र शब्दकाम आहे आणि तिला स्वतःचे संरक्षण आहे. मूळ ग्रंथ मोकळा असला म्हणून त्याचा अनुवाद मोकळा होत नाही. ज्ञानेश्वरीलाही हेच लागू पडते. ओव्या सर्वांच्या आहेत, पण एखाद्या आजच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि सुबोध अर्थ त्या संपादकाचे आहेत. पानाचा फोटो काढून तो तसाच छापला तर ज्ञानेश्वरांच्या नव्हे, संपादकाच्या हक्काला धक्का लागतो.

उलट दिशेलाही हाच नियम चालतो. समजा, गांधींनी 1937 मध्ये लिहिलेल्या लेखाचा एक मराठी अनुवाद आपल्या हाती आहे आणि अनुवादक 1990 मध्ये वारला. गांधींचा लेख मोकळा आहे. अनुवाद मात्र अनुवादकाच्या मृत्यूच्या हिशोबाने चालतो, म्हणून तो 2050 च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. अशा वेळी मूळ लेख काढून स्वतः अनुवाद करणे हा स्वच्छ मार्ग आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. मूळ लेखक थोर असल्याने त्याची आठवण राहते आणि अनुवादकाचे नाव गळून पडते. खरे तर हक्क त्या अनुवादकाकडे असतो.

3. मुदत कशी मोजायची

लेखक हयात असताना प्रसिद्ध झालेल्या साहित्याला लेखकाचे आयुष्य अधिक 60 वर्षे इतके संरक्षण मिळते. मोजणी मृत्यूच्या दिवसापासून होत नाही, पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून होते. म्हणून कोणत्याही लेखकाचा हक्क 31 डिसेंबरलाच संपतो आणि एकाच वर्षी वारलेले सगळे लेखक एकाच दिवशी मोकळे होतात.

गांधी 30 जानेवारी 1948 रोजी गेले. मोजणी 1 जानेवारी 1949 ला सुरू झाली, 31 डिसेंबर 2008 ला संपली, आणि 1 जानेवारी 2009 पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांचे झाले. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले, म्हणून त्यांचे लेखन 2011 च्या पहिल्या दिवसापासून मोकळे आहे. तुकडोजी महाराजांचे निधन 1968 मध्ये झाले. त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाची मुदत 2028 च्या अखेरीस संपेल. विनोबा 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारला गेले. त्यांची मुदत 31 डिसेंबर 2042 पर्यंत आहे. सेवाग्राम आणि पवनार यांच्यात काही किलोमीटरचे अंतर आहे, कायद्याच्या दिनदर्शिकेत मात्र ते 34 वर्षांचे आहे.

आधी ही मुदत 60 नव्हे, 50 वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर 1941 मध्ये गेले, म्हणून त्यांचे हक्क 1991 च्या अखेरीस संपणार होते. ते संपायच्या बेतात असताना डिसेंबर 1991 मध्ये अध्यादेश निघाला, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि मुदत सर्वांसाठीच दहा वर्षांनी वाढली. त्यामुळे गांधींचे लेखन 1999 ऐवजी 2009 मध्ये मोकळे झाले. तेव्हाही मुदतवाढ मागावी अशी चर्चा झाली होती, पण हक्क सांभाळणाऱ्या अहमदाबादच्या नवजीवन ट्रस्टने ती मागितली नाही.

4. तीन अवघड प्रती

इथवरचा हिशोब शाळकरी आहे. खरी परीक्षा टेबलावरच्या उरलेल्या तीन वस्तूंची आहे, कारण तिथे मुखपृष्ठावरचे नाव पाहून काढलेले उत्तर चुकू शकते.

पहिली, ‘गीता प्रवचने’. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी एक अशी अठरा प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. शब्द बोलले विनोबा, लिहिले साने गुरुजींनी. मग लेखक कोण? गुरुजी मानले तर पुस्तक 2011 पासून मोकळे, विनोबा मानले तर 2043 पासून. केवळ लेखणी कोणाच्या हातात होती यावरून लेखकत्व ठरत नाही. विचार, क्रम, दृष्टान्त आणि बोललेले वाक्य विनोबांचे आहे, म्हणून लेखक तेच. पण क्षणभर कोणी आग्रह धरला की टिपताना गुरुजींनी भाषेला जो घाट दिला त्यामुळे हे दोघांचे संयुक्त लेखन आहे, तरी निकाल बदलत नाही. दोघांचे वाटे वेगळे काढता येत नसतील तर मुदत शेवटी वारलेल्या लेखकापासून मोजतात, आणि तो लेखक पुन्हा विनोबाच. वाद कसाही सुटला तरी वर्ष 2042 हेच येते. वाद सोडवण्याआधी दोन्ही बाजूंनी हिशोब करून पाहावा. कधी कधी वाद घालण्याची गरजच नसते.

दुसरी, गांधींच्या आत्मकथेचा इंग्रजी अनुवाद. तो महादेवभाई देसाई यांचा म्हणून ओळखला जातो. महादेवभाई 1942 मध्ये गेले, म्हणजे त्यांचा अनुवाद 2003 पासून आणि गांधींचे गुजराती मूळ 2009 पासून मोकळे. इथे बहुतेक जण वही मिटतात. पण महादेवभाईंनी प्रस्तावनेत नोंदवले आहे की पाचव्या भागातील 29 ते 43 ही प्रकरणे प्यारेलाल यांनी अनुवादित केली, कारण त्या वेळी ते स्वतः बारडोलीच्या चौकशीच्या कामात होते. हे वाटे वेगळे दाखवता येतात, म्हणून हे संयुक्त लेखन ठरत नाही. प्रत्येकाचा वाटा त्याच्या आयुष्यावर मोजावा लागतो. प्यारेलाल गेले 1982 मध्ये. नियम सरळ लावला तर त्या पंधरा प्रकरणांचा इंग्रजी मजकूर 2042 च्या अखेरपर्यंत संरक्षित ठरतो, आणि त्याच पुस्तकाचा बाकी भाग मोकळा. मुखपृष्ठाने हे कधीच सांगितले नसते. ते प्रस्तावनेत सापडते. अनुवादित पुस्तक हाती घेतले की श्रेयनामावली आणि प्रस्तावना आधी वाचावी ती यासाठी.

तिसरी वस्तू पत्र. इथे दोन वेगळ्या मालक्या असतात. कागद ज्याला पत्र आले त्याचा असतो, आणि शब्द ज्याने लिहिले त्याचे राहतात. आजोबांना आलेले गांधींचे पत्र नातवाच्या पेटीत आहे म्हणून ते छापण्याचा हक्क नातवाकडे येत नाही. शिवाय लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनासाठी कायद्याच्या 24 व्या कलमात वेगळी मोजणी आहे. अशा लेखनाची मुदत मृत्यूपासून नव्हे, पहिल्या प्रकाशनापासून 60 वर्षे चालते. सेवाग्रामहून गेलेले एखादे पत्र 1953 मध्ये पहिल्यांदा छापले गेले असेल तर ते 2014 पासून मोकळे आहे. तेच पत्र 1976 मध्ये पहिल्यांदा उजेडात आले असेल तर 2036 अखेरपर्यंत संरक्षित आहे. केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने गांधींचे समग्र वाङ्मय 1958 पासून खंडाखंडाने काढले आणि त्यात हजारो पत्रे आहेत. गांधींची मुदत 2008 मध्ये संपली, मग सगळेच मोकळे, असे धरून कोणी त्या खंडांतली पत्रे घाऊक उचलली तर प्रत्येक पत्राचे पहिले प्रकाशनवर्ष न तपासण्याची चूक तो करतो.

कधीच न छापलेल्या पत्रासाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. पत्र लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात असेल आणि त्याच्या ज्ञात लेखकाच्या मृत्यूला 60 वर्षे उलटली असतील, तर संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने त्याची प्रत करता येते. गांधींच्या बाबतीत 60 वर्षांची अट पुरी झाली आहे. म्हणजे तेच पत्र सार्वजनिक संग्रहात असले तर अभ्यासकाला वाट आहे आणि घरच्या पेटीत असले तर ती नाही. जुनी पत्रे जपणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

5. परवानगी कधी लागत नाही

मजकूर संरक्षित आहे असे ठरले तरी प्रत्येक अवतरणाला परवानगी लागते असे नाही. 52 व्या कलमाने काही हेतूंसाठी रास्त वापराची मुभा दिली आहे. लेखकाच्या कामाचे त्यातले तीन हेतू म्हणजे खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वृत्त. समीक्षा त्याच कृतीची असावी असेही बंधन नाही. दुसऱ्या कृतीबद्दल बोलताना तुलनेसाठीही मजकूर घेता येतो.

म्हणून प्रश्न लांबीचा नाही, कामाचा आहे. समजा, आपल्या लेखकाने विनोबांचे भाषांतर कसे घडते ते दाखवायचे ठरवले. त्याने गीतेचा एक श्लोक घेतला, त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या घेतल्या, ‘गीताई’तले तेच कडवे पूर्ण उद्धृत केले आणि शब्दनिवडीची चर्चा केली. अशी सहा-सात कडवी आली तरी प्रत्येक कडव्याला त्याच्या युक्तिवादात काम आहे. हा समीक्षेतला रास्त वापर आहे. आता त्याच लेखकाने प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर ‘गीताई’चे एकेक कडवे नुसते शोभेला टाकले आणि मजकुरात त्याचा कुठेही उल्लेख केला नाही. ओळी कमी आहेत, नावही दिले आहे, पण टीका नाही, समीक्षा नाही, वृत्तही नाही. इथे 2042 पर्यंत परवानगी मागावी. कथा-कादंबरीच्या आरंभी आवडत्या कवीच्या दोन ओळी टाकण्याची आपली प्रथा याच खोड्यात अडकते. त्यात कवितेची अडचण अशी की ती मुळातच लहान असते. कादंबरीतल्या चार ओळी म्हणजे थेंब, चारोळीतल्या चार ओळी म्हणजे आख्खी कृती.

मोठे अवतरणही रास्त ठरू शकते, हे केरळ उच्च न्यायालयाच्या 1996 च्या सिविक चंद्रन खटल्यात दिसते. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले आणि मूळ नाटकातली पात्रे, संवाद त्यात घेतले. न्यायालयाने ओळी मोजून निकाल दिला नाही. तीन गोष्टी तपासल्या: टीकेच्या मानाने किती आणि किती महत्त्वाचा मजकूर घेतला, तो कशासाठी घेतला, आणि नव्या कृतीमुळे मूळ कृतीचा ग्राहक तिकडे वळण्याची शक्यता आहे का. उद्देश टीकेचा होता आणि प्रतिनाटक मूळ नाटकाची जागा घेणार नव्हते, म्हणून प्रयोगावरची बंदी उठली.

या तीन कसोट्या लेखक स्वतःच लावून पाहू शकतो. एक साधी तपासणी सुचवतो: अवतरण पुसून परिच्छेद वाचावा. युक्तिवाद कोसळला तर अवतरण कामाचे होते. परिच्छेद तसाच उभा राहिला तर अवतरण शोभेचे होते. आणि आपला मजकूर काढून नुसती अवतरणे वाचली तरी मूळ पुस्तक वाचल्याचे समाधान मिळत असेल, तर आपण समीक्षा लिहिलेली नाही, संकलन केले आहे.

विद्यापीठात काम करणाऱ्यांसाठी एक इशारा हवा. प्रबंध लिहिताना संशोधनाची मुभा पाठीशी असते, म्हणून लांब उतारे घेण्याची सवय लागते. तोच प्रबंध पुढे पुस्तक म्हणून विक्रीला येतो तेव्हा ‘खाजगी वापर व संशोधन’ हा आधार बराचसा निसटतो आणि समीक्षेच्या आधारावर उभे राहावे लागते. ज्या उताऱ्यांवर प्रबंधात चर्चा नव्हती, जे नुसते परिशिष्टात जोडले होते, ते पुस्तकात धोक्याचे ठरतात. प्रबंधाचे पुस्तक करताना प्रत्येक उताऱ्याची पुन्हा छाननी करावी.

6. परवानगी कोणाकडे आणि कशी मागावी

पुस्तकावर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असते, पण कोणाच्या स्वाधीन ते पाहावे लागते. प्रकाशकाकडे पुस्तक आहे म्हणजे हक्कही त्याच्याकडे आहेत असे नाही. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. 19 व्या कलमानुसार त्या करारात काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा समजतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. त्यामुळे जुन्या पुस्तकांचे हक्क पुष्कळदा लेखकाच्या वारसांकडे असतात आणि प्रकाशकाने मोठ्या मनाने दिलेली परवानगी कायद्यात पोकळ ठरते. हेच कलम आपल्या बाजूनेही वाचावे. स्वतःच्या पुस्तकाच्या करारात काळ, प्रदेश, मानधनाची रीत, अनुवाद आणि ई-पुस्तक यांचा स्पष्ट उल्लेख नसेल तर सही करू नये.

परवानगीच्या पत्रात चार गोष्टी हव्यात: कोणत्या आवृत्तीतला नेमका कोणता मजकूर, तो कोणत्या पुस्तकात आणि कोणत्या संदर्भात येणार, छापील की ई-आवृत्तीतही, आणि पुढच्या आवृत्त्या व अनुवाद यांचे काय. फोनवर मिळालेला होकार पुढच्या पिढीला बांधून ठेवत नाही. पत्राला उत्तर न येणे हाही होकार नव्हे. वारस सापडत नसतील तर अर्ज करून परवाना मागण्याची वाट काही प्रकारच्या कृतींसाठी कायद्यात आहे, पण ती लांबची आहे; बहुतेक वेळा तो मजकूर आपल्या शब्दांत सांगणे अधिक शहाणपणाचे.

7. तीन आक्षेप

पहिला आक्षेप नैतिक वाटतो. गांधी-विनोबा हे अपरिग्रह सांगणारे, त्यांच्या शब्दांवर कसली आली मालकी? इतिहास इतका सरळ नाही. आपल्या साप्ताहिकांतल्या लेखनावर हक्क राखून ठेवायला गांधी सुरुवातीला राजी नव्हते. पण 1940 मध्ये त्यांनीच आपल्या लेखनाचे हक्क मृत्युपत्राने नवजीवनला दिले. हक्क ठेवण्यामागे नफ्याखेरीज कारणे असू शकतात: मजकूर अचूक राहावा, अनुवाद भलताच होऊ नये, उत्पन्न एखाद्या कामाला लागावे. त्यातले कोणते कारण मानायचे हे ठरवण्याचा अधिकार हक्कधारकाचा आहे, उचलणाऱ्याचा नाही. लेखकाच्या मनाचा मोठेपणा आपण त्याच्या वतीने गृहीत धरू शकत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. मराठी पुस्तकाच्या हजारभर प्रती निघतात, दावा लावतो कोण? बहुधा कोणी लावत नाही, हे खरे. पण ज्याच्या शब्दांवर आपण उभे आहोत तोही असाच लहान आवृत्तीचा लेखक असतो. त्याच्या अनुवादाचे चार परिच्छेद आज आपण घेतले तर उद्या आपली कथा एखाद्या दिवाळी अंकात न विचारता छापली जाते आणि तक्रार करायला तोंड उरत नाही. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखन झाले त्या क्षणी तो निर्माण होतो. नोंदणीने पुरावा भक्कम होतो, एवढेच. वर्ध्यात राहणाऱ्या लेखकाला दाव्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागतेच असेही नाही. जिथे लेखक राहतो त्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची सोय कायद्यात आहे, फक्त न्यायालयांनी तिला काही मर्यादा घातल्या आहेत.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे. मृत्यूनंतर 60 वर्षे ही मुदत फार लांब आहे. वारस विखुरतात, संस्था बंद पडतात, पुस्तके छपाईबाहेर जातात आणि विकायला कोणी नसलेला मजकूर कुलपात अडकून राहतो. मुदत कमी व्हावी असे म्हणणे रास्त आहे. पण कायदा चुकीचा आहे असे म्हणणे आणि तो नाहीच असे वागणे यांत फरक आहे. शिवाय ज्याला अडथळा म्हटले जाते त्यातला मोठा भाग अज्ञानाचा असतो. आपल्या कल्पित लेखकाच्या टेबलाकडे पाहा. गांधींचा लेख मोकळा आहे, त्याचा नवा अनुवाद तो स्वतः करू शकतो, आत्मकथेचा बहुतांश भाग मोकळा आहे, ‘गीताई’वर समीक्षा लिहिण्याला कोणी अडवलेले नाही. परवानगीची पत्रे लिहावी लागतील ती शोभेच्या कडव्यांसाठी, ‘गीता प्रवचने’तून एखादे प्रवचन सलग छापायचे असेल तर त्यासाठी, आणि 60 वर्षांच्या आत उजेडात आलेल्या पत्रांसाठी.

8. नावाचे कर्तव्य वेगळे

मग नाव देण्याचे काय? ते द्यायचेच, पण त्याची जागा ओळखून. 57 वे कलम लेखकाला दोन गोष्टी देते: ही कृती माझी आहे असे सांगण्याचा अधिकार, आणि तिची मोडतोड होऊन माझ्या प्रतिष्ठेला धक्का बसत असेल तर ती थांबवण्याचा अधिकार. हक्क विकून टाकले तरी हे दोन्ही लेखकाकडे राहतात. मोडतोडीविरुद्धच्या अधिकाराला पूर्वी कॉपीराइटच्या मुदतीची अट होती. 2012 च्या दुरुस्तीने ती काढली.

म्हणजे प्रचलित समजुतीत दोन गोष्टी उलट्या बसवल्या आहेत. परवानगीची गरज कालांतराने संपते, नाव देण्याची संपत नाही. गांधींचे वाक्य छापायला आज कोणाला विचारावे लागत नाही. पण ते मोडून, अर्थ फिरवून, किंवा त्यांनी कधी न म्हटलेले त्यांच्या नावावर खपवून छापण्याची मुभा 1 जानेवारी 2009 ने कोणालाही दिलेली नाही. आणि ‘गीताई’च्या कडव्याखाली विनोबांचे नाव कितीही आदराने लिहिले, तरी ते कडवे शोभेला वापरायचे असेल तर 2042 संपेपर्यंत पत्र लिहावेच लागेल.